व्हीलचेअर उशिरा आली आणि विमान सुटलं, तर जबाबदार कोण?

प्रश्न : आईबाबा (वय ७३ आणि ७८) चौदा महिन्यांपूर्वी आमच्याकडे येत होते. युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं, मध्ये एक तास वीस मिनिटं. तिकीट एकच, व्हीलचेअर दोघांनाही तिकीट काढतानाच सांगितली होती. पहिलं विमान वेळेवर आलं, पण खुर्ची आलीच नाही. पस्तीस मिनिटं थांबून बाबा आईला हाताला धरून चालत निघाले आणि गेट बंद झालं. कंपनीने नवी तिकिटं घ्यायला लावली. आता म्हणते, 'खुर्ची देणं विमानतळाचं काम, आणि तुमचे वडील खुर्ची न घेता निघून गेले.' पैसे मिळतील का? पुढच्या महिन्यात ते परत येणार आहेत, तिकीट तसंच आहे. काय करू?

उत्तर : कंपनीचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचाच आधार घेऊन ती हात झटकते आहे.

युरोपीय संघाच्या 1107/2006 या नियमावलीप्रमाणे विमानतळावरची मदत ही विमानतळ व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. कलम ७ मध्ये विमान बदलणाऱ्या प्रवाशाचा वेगळा उल्लेख आहे. किमान ४८ तास आधी कळवलेलं असेल, तर त्याला त्याचं पुढचं विमान पकडता येईल अशी मदत व्यवस्थापनाने द्यायची, तीही फुकट. ज्यांना ही मदत मिळते त्यांच्या व्याख्येत वयामुळे हालचाल मंदावलेले लोकही येतात, त्यामुळे 'ते अपंग नाहीत' हे उत्तर चालत नाही. पण ४८ तासांचा निरोप विमानतळाला पोचवायचा असतो कंपनीने, आणि तोही उड्डाणाच्या किमान ३६ तास आधी. तो पोचला का, हा पहिला प्रश्न कंपनीला लेखी विचारा. पोचला असेल तर चूक विमानतळाची, नसेल तर कंपनीची. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी तक्रार पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवताना दोघांनाही लेखी काहीतरी कबूल करावं लागेल. समाधान झालं नाही तर त्या देशाच्या अंमलबजावणी संस्थेकडे जाता येतं. मात्र तिथून दंड-ताशेरे निघू शकतात, तुमचे पैसे निघतीलच असं नाही.

पैशांचा रस्ता दुसरा आहे : आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार. त्याच्या कलम १९ नुसार उशिरामुळे झालेल्या नुकसानाला कंपनी जबाबदार असते. तिने आणि तिच्या वतीने काम करणाऱ्यांनी सगळी वाजवी खबरदारी घेतली होती, हे तिनेच सिद्ध करायचं असतं. एकाच तिकिटावरच्या प्रवाशाला पुढे पोचवण्याचा करार तिचा होता, त्यामुळे नव्या तिकिटांची पावती हा तुमचा सर्वांत भक्कम कागद. २८ डिसेंबर २०२४ पासून या नुकसानाची कमाल मर्यादा दर प्रवाशामागे ६,३०३ विशेष आहरण अधिकार, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची हिशेबाची एककं, एवढी आहे, त्याआधीच्या प्रवासाला जुनी मर्यादा लागते. दोन तिकिटांचे पैसे बहुधा त्यात बसतील. मनस्तापाचे पैसे मागू नका, सहसा मिळत नाहीत आणि खऱ्या मागणीचं वजनही कमी होतं. युरोपीय संघाच्याच २६१/२००४ नियमावलीत विमान रद्द किंवा उशिरा झाल्यावर मिळणारी ठरावीक भरपाईही सहज मिळेल असं धरू नका, कारण तुमच्या प्रकरणात विमानाला उशीर झालेलाच नाही.

मुदतीकडे लक्ष द्या. या करारात दावा दोन वर्षांतच लावावा लागतो, नंतर हक्कच संपतो. म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत. कंपनीशी पत्रव्यवहार चालू असल्याने ही मुदत आपोआप वाढत नाही. कोर्ट कुठलं, याबाबत एक गंमत : जाऊन-येऊन तिकीट असेल तर कायद्याच्या नजरेत 'पोचण्याचं ठिकाण' म्हणजे जिथून निघाले तेच गाव. तुम्ही राहता तिथे दावा लावायची घाई करण्याआधी तिकीट कसलं होतं ते पाहा.

आता बाबा चालत निघाले तो मुद्दा. प्रवाशाच्याच हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर माँट्रियल कराराच्या कलम २० खाली भरपाई कमी होते, आणि कंपनी तिकडेच नेते आहे. पण गेट बंद होताना दिसत असताना ७८ वर्षांचा माणूस पस्तीस मिनिटं थांबून निघाला, तर तो नुकसान टाळू पाहत होता, असं मी मांडेन. अडचण एकच : पस्तीस मिनिटं थांबले हे दाखवणार कसं? फोनमध्ये तुम्हाला केलेले कॉल, 'अजून कोणी आलं नाही' असा मेसेज, काहीही चालेल. आजच शोधून ठेवा, फोन बदलला की गेलं.

पुढच्या प्रवासाबद्दल थोडं स्पष्टच सांगतो. एक तास वीस मिनिटं हा खुर्चीवाल्यांचा वेळ नाही. समजा विमान ६.१० ला उतरलं आणि पुढचं ७.३० ला आहे. धावपट्टीवरून येऊन दार उघडेपर्यंत ६.२५. खुर्चीवाले सगळ्यात शेवटी उतरतात, मोठ्या विमानात ६.५० होतात. पुढचं गेट वीस मिनिटं आधी, ७.१० ला बंद. उरली वीस मिनिटं, आणि त्यात सुरक्षा तपासणी, टर्मिनल बदल आणि एका मदतनीसाने दुसऱ्याच्या हवाली करेपर्यंतचं थांबणं. कंपनीचं तिकीट 'किमान वेळेच्या' नियमात बसलेलं असतं, पण त्या वेळेत शेवटी उतरणारा माणूस धरलेला नसतो. त्याच तिकिटावर नंतरचं विमान मागा, तीन तासांचं अंतर मिळालं तर उत्तम. फरकाचे पैसे मागितले तरी एकदा विचार करा.

दुसरं म्हणजे, 'व्हीलचेअर सांगितली आहे' यावर विसंबू नका. आरक्षणात काय कोड आहे ते विचारा. WCHR म्हणजे जिने चढता येतात, फक्त लांब चालता येत नाही. WCHS म्हणजे जिना नाही, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. WCHC म्हणजे अजिबात चालता येत नाही. एजंट सवयीने सगळ्यांना WCHR घालतात. मग विमान दूरच्या जागी उभं राहतं, बाहेर शिडी आणि खाली बस, आणि गुडघे दुखणारी आई शिडीच्या तोंडाशी थबकते, कारण उचलून नेणारी गाडी मागवलेलीच नसते. तुमच्या आईला जिना जमत नसेल तर तिचा कोड WCHS हवा. बाबांचा वेगळा असू शकतो.

कोडपुढे HK1 असेल तर विनंती पक्की झाली आहे, HN1 असेल तर नुसती मागितली आहे. हे प्रत्येक उड्डाणासाठी आणि प्रत्येक प्रवाशासाठी वेगळं बघायचं. दोघांसाठी दोन उड्डाणं, म्हणजे चार नोंदी. प्रवासाच्या चार दिवस आधी कंपनीला ईमेल टाका : 'दोन्ही प्रवाशांच्या सहाय्याच्या नोंदी दोन्ही उड्डाणांवर पक्क्या आहेत का, आणि बदलाच्या विमानतळाला कळवल्या आहेत का, हे लेखी सांगावे.' उत्तर आलं नाही तरी तुमचा ईमेल तारखेसह पुरावा आहेच.

आईबाबांना एवढंच सांगा : दारातून बाहेर आल्या आल्या घड्याळ दिसेल असा फोटो काढायचा, आणि वीस मिनिटांत कोणी आलं नाही तर विमानाच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला गाठून पुढच्या विमानाचं कार्ड दाखवायचं. शक्य असेल तोवर चालत निघू नये. निघावंच लागलं तर आधी तुम्हाला मेसेज टाकावा.