‘ओळखलंस का?’ला काय म्हणायचं

“आई, सांगलीत सगळे मला ‘ओळखलंस का?’ विचारतात. मी तर त्यांना ओळखतच नाही! मग काय बोलायचं? आणि तू काही विकत न घेता दुकानात इतका वेळ का उभी राहतेस?”

प्रिय चिऊ,

विचारतात तुला, पण बघत असतात माझ्याकडे. तू ओळखावंस अशी कुणाचीच अपेक्षा नसते. हसून “आई, हे कोण गं?” एवढं मला विचारलंस तरी ते खूश होतात. पुढचं सगळं तेच सांगतात, मी लहानपणी किती रडायचे त्यासकट.

मलाही दर वेळी आठवतंच असं नाही. अशा वेळी तोंडावर “आपण कोण?” असं विचारत नाहीत. मी विचारते, “अजून तिथेच राहता ना?” मग गल्ली निघते, शेजारी निघतात, मुलांची नावं येतात आणि माणूस सापडतो. माझी ओळख सांगताना मात्र आपलं आत्ताचं आडनाव काही कामाचं नसतं. गावभागात मी अजून “देवळामागच्या वाड्यातली, बँकेतल्या आप्पांची धाकटी”च आहे. हे एकदा सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि लगेच तीन प्रश्न येतात: कधी आलीस, किती दिवस आहेस, किती बारीक झालीस! तिसरा तर प्रश्नही नाही. तुझं वजन वाढलेलं असलं तरी तेच म्हणतील. “नाही हो” म्हणून वाद घालू नकोस.

आता दुकानाचं. हरभट रोडवरचं ते किराणा दुकान आठवतं ना, जिथे तुला कंटाळा आला होता? आमचं तिथे खातं होतं. आजी मला पिशवी घेऊन पाठवायची, शेंगदाणे, रवा, गूळ आणायला. पैसे नसायचेच माझ्याकडे. काका वहीत लिहायचे आणि आप्पा पगार झाला की हिशेब चुकता करायचे. म्हणजे आमच्या घरी पाहुणे कधी आले, सणाला साखर किती लागली, हे त्या माणसाला माहीत होतं. त्यांच्यासमोरून नुसतं “कसे आहात” म्हणत पुढे जायला जीभ वळत नाही.

शिवाय सांगलीत कुणालाही भेटलं की पुराचं विचारावंच लागतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. हरभट रोड पाण्याखाली होता. मी “दुकानात किती होतं हो पाणी?” म्हटल्यावर काकांनी भिंतीला हात लावून उंची दाखवली, त्यांच्या खांद्याच्या वर. मग कुठली पोती वाचली, कुठली गेली, जुन्या वह्यांचा कसा लगदा झाला, ते सगळं सांगितलं. तू तेव्हा माझा पदर ओढत होतीस. पण हे ऐकून घेतल्याशिवाय तिथून निघणं मला जमलं नसतं.

भडंगाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे तुला विचित्र वाटलं होतं. पहिल्यांदा “राहू दे गं” म्हणतात, तेव्हा आपण पुढे करायचेच. दुसऱ्यांदाही. खरंच घ्यायचे नसतील तर ते हात मागे घेतात किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. मग ओढाताण करायची नाही. सकाळी बोहनी व्हायची असेल तर मात्र मी फुकट काही उचलत नाही, पैसे गल्ल्यावर ठेवतेच. तुझ्या हातावर ठेवलेली गोळी वेगळी. ती घ्यायची. नाही म्हटलेलं त्यांना लागतं.

एक गोष्ट मी न बोलता करते, ती तूही शीक. कुणाच्या घरी शिरले की आधी भिंतीवर नजर टाकते. हार घातलेला नवा फोटो दिसला, तर “काका कुठेत?” हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. म्हणून जाण्याआधीच मी आजीजवळ बसून गल्लीतलं एकेक घर विचारून घेते. जिथे माणूस गेल्यावर आपण पहिल्यांदाच जातोय, तिथे चॉकलेटचे डबे, पेढे न्यायचे नाहीत. थोडा वेळ बसायचं, काकू बोलतील ते ऐकायचं आणि उठताना “येते” म्हणायचं नाही. न बोलता निघायचं. एरवी सगळीकडे “येते”च म्हणायचं, “जाते” नाही.

पाया कुणाच्या पडायचं, असं तू फोनवर विचारलंस. आजीच्या वयाच्या सगळ्यांच्या, घरात. दुकानात, रस्त्यात नुसता नमस्कार पुरतो. भाजीवाल्या मावशींनी मागच्या खेपेला “कवा आलीस गं?” म्हणत तुझा गाल ओढला होता, तो या वेळीही ओढतील. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

तुझी,
आई