खिळा सापडत नसेल तर रिमची कड बघा

प्रश्न: स्कूटरच्या मागच्या ट्यूबलेस टायरची हवा आठवडाभरात उतरते. खिळा वगैरे काही दिसत नाही. घरच्या घरी साबणाचं पाणी लावून पंक्चर सापडतं का, की चाक काढून टबातच बुडवावं लागतं? आम्ही वेंगुर्ल्याला राहतो.

साबणाच्या पाण्यानेच सुरुवात करा. दहातल्या नऊ वेळा चाक काढावं लागत नाही. तुम्ही वेंगुर्ल्याचं नाव घेतलंत म्हणून मुद्दाम लिहायला बसले. समुद्राकाठच्या गाडीची हवा अशी हळूहळू उतरत असेल आणि खिळा दिसत नसेल, तर माझा पहिला संशय टायरवर नसतो, रिमवर असतो. आणि बाजारातल्या पंक्चरवाल्याने "ट्यूब टाकून देतो" म्हटलं तर गाडी तिथून सरळ घरी आणा.

आमचं घर आचऱ्याच्या बाजूला, खाडीपासून जवळच. शाळेत जायला माझी स्कूटर आहे, साध्या लोखंडी रिमची. गेल्या पावसाळ्यानंतर मागच्या चाकाची हवा उतरायला लागली. ३६ पीएसआय भरली की आठवड्याने गेजवर वीस-बावीस दिसायची. चांगल्या ट्यूबलेस टायरमधूनही महिन्याला दोन-एक पीएसआय आपोआप जाते, ते मला माहीत होतं. थंडीचं कारणही आपल्याकडे चालत नाही. तापमान दहा अंशांनी उतरलं तर दाब जेमतेम दीड-दोन पीएसआयने कमी होतो, आणि किनाऱ्यावर तेवढा फरकही क्वचितच पडतो. म्हणजे कुठूनतरी नक्की गळत होतं.

बाजारातल्या दुकानात नेली. त्याने चाकावर नुसतं पाणी ओतलं, चाक फिरवलं, आणि नक्षीत जांभ्याची कच रुतून पडलेला एक खळगा दाखवून म्हणाला, हेच पंक्चर. मी सांगत होते की इथे एकही बुडबुडा येत नाहीये. तोपर्यंत त्याने टोचा आत घातलासुद्धा. धड असलेल्या टायरला भोक पाडून त्यात स्ट्रिप ठोकली आणि पैसे घेतले. हवा आधीसारखीच उतरत राहिली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, इकडच्या हवेत ट्यूबलेस टिकत नाही, ट्यूब टाका." घरी आले तर माझे दीर त्याचीच री ओढायला तयार. "वयनी, ट्यूब घाला नि मोकळे व्हा. कित्याक हवी ही कटकट?" हा वाद आमच्या घरात त्यांनी स्वतःच्या गाडीला ट्यूब घातली तेव्हापासून चालू आहे.

म्हणून एका रविवारी सकाळी मी स्वतःच शोधायला घेतलं. सकाळी अशासाठी, की उन्हात आणि वाऱ्यात साबणाचा थर पाहता पाहता सुकतो आणि बारीक गळती दिसायच्या आत निघून जाते. गाडी सावलीत डबल स्टँडवर घेतली, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरतं. टायर नि रिम आधी साध्या पाण्याने धुतली, कारण लाल माती भोकात बसली की तीच तात्पुरती बूच होते. मग हवा पूर्ण भरली. अर्ध्या हवेवर शोधणाऱ्याला काही सापडत नाही, कारण आतून रेटाच नसतो. कंपनीने सांगितलेल्या दाबाच्या थोडं वर चालतं, पण टायरच्या बाजूवर कोरलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच जाऊ नका.

पाणी गोडं घ्या. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात साबणाला धड फेस येत नाही आणि मीठ रिमवर राहतं ते वेगळंच. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे पुरतात. बाटली खळाखळा हलवू नका. आधीच फेसाळलेलं पाणी लावलं तर कुठला फेस आपला आणि कुठला गळतीचा ते कळत नाही. पाणी दाटसर आणि शांत हवं, मग गळतीच्या जागी फेस नव्याने तयार होताना दिसतो.

सुरुवात वॉल्व्हपासून करा. टोपी काढून तोंडावर एक थेंब सोडा. थेंब फुगत गेला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे, ती आवळून किंवा बदलून काम भागतं. मग वॉल्व्हच्या रबरी बुंध्याला पाणी लावून तो हळूच चारी बाजूंना वाकवून बघा. रबर म्हातारं झालं की बुंध्याशी चीर पडते आणि ती सरळ उभ्या वॉल्व्हवर मिटलेली असते, वाकवल्यावरच बोलते. माझ्या चाकाचं दोन्ही ठिकाणी ठीक होतं. मग जमिनीला टेकणारा भाग थोडा थोडा करून भिजवला, दुकानदाराच्या स्ट्रिपसकट. तिथेही काही नाही.

राहिली रिमची कड, म्हणजे टायर रिमवर जिथे घट्ट बसतो ती जागा. मेकॅनिक तिला बीड म्हणतात. उजवी बाजू सायलेन्सर असला तरी दिसते. डावी बाजू मात्र इंजिनाच्या खोक्याला लागून आत दडलेली असते, आणि दुकानात तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण बघायला वाकावं लागतं. मी केसांना रंग लावायची जुनी टोकदार बाटली घेतली, टॉर्च घेतला, चाक बोटभर फिरवायचं आणि वरच्या बाजूला आलेल्या फटीत पाणी सोडायचं, असं करत गेले. घाई करायची नाही. खिळ्याच्या भोकातून टपोरे बुडबुडे लगेच येतात, पण कडेची गळती तशी नसते. दोन-तीन मिनिटं काही दिसत नाही आणि मग मुंग्यांच्या अंड्यांसारखा पांढरा, बारीक थर फटीतून वर यायला लागतो. पुसला की परत येतो. माझ्या चाकाला तो डाव्या कडेवर आला, वॉल्व्हपासून साधारण पाव चाक पुढे, वीतभर लांबीत.

तिथे टायरवर आणि रिमवर, दोन्हीकडे समोरासमोर खडूने खूण केली. ही खूण फार कामाची आहे. नंतर टायर सुटला की दोष रिमच्या त्या जागी आहे की टायरच्या, हे तिच्यावरून ठरतं.

आता तुमच्या टबाबद्दल. मी नंतर चाक काढून बुडवलंही, पण ते दिरांना दाखवण्यासाठी. विहिरीवरच्या दगडी डोणीत अर्धी वीत पाणी घेतलं आणि चाक उभं धरून फिरवलं. एवढं पाणी पुरतं, टायर आणि रिमची कड पाण्याखाली गेली की झालं. मधला हब बुडवू नका. मागच्या ब्रेकचा ड्रम हबमध्येच असतो. त्यात पाणी गेलं तर पंक्चर सापडेल आणि ब्रेक जाईल. बुडवल्यावर सुरुवातीला सगळीकडूनच बुडबुडे येतात, ती खाचांत अडकलेली हवा असते. हाताने पुसून घ्या आणि थांबा. अडकलेली हवा संपते, खरी गळती त्याच एका बिंदूतून येत राहते. टबाचा फायदा एवढाच, की साबणाने न दिसणारी अगदी एकेक बुडबुड्याची गळतीही दिसते. पण मागचं चाक काढायला सायलेन्सर उतरवावा लागतो आणि मधला मोठा नट परत नीट ताकदीने आवळावा लागतो. त्यासाठी योग्य पाना नसेल तर चाक काढूच नका.

टायर मी कणकवलीच्या एका मेकॅनिककडून सोडवून घेतला. खूण होती तिथे रिमचा रंग फुगून पापुद्रा सुटलेला, खाली तांबेरा. टायर धड होता. आपल्याकडे खारी हवा रिमच्या कडेत मुरते, रंगाला बारीक चीर पडली की आत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंग उचलतो, आणि त्या खडबडीत वाटेने हवा झिरपते. मिश्रधातूच्या रिमला तांबूस गंज येत नाही, तिथे पांढरी भुकटी धरते, पण परिणाम तोच. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत केली, गंजरोधक प्रायमरचा पातळ हात दिला, रात्रभर वाळू दिलं, मग कडेला बीड सीलर लावून टायर बसवला. बसवताना टायरची कड ठक्क आवाज करून जागेवर येते, तेव्हा बोटं लांब ठेवायची. पुन्हा साबणाचं पाणी लावून बघितलं, फेस नाही. हवा आता टिकते.

दिरांचं म्हणणं अजून तेच, ट्यूबने हे सगळं वाचलं असतं. वाचलं नसतं, झाकलं गेलं असतं. ट्यूब घातल्याने रिमचा गंज थांबत नाही, आत पाणी साचलं तर वाढतोच. ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते, तिथल्या उंचवट्यांवर ट्यूब घासते आणि तापते. आणि मुख्य म्हणजे खिळा घुसला तर ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला आवळून धरतं, हवा हळू जाते, घरापर्यंत येता येतं. ट्यूब एका क्षणात बसते. देवगडच्या वळणांवर मागचं चाक असं अचानक बसलेलं मला नको आहे. गंजाला उपाय म्हणून ट्यूब सांगणाऱ्याला टायर सोडवून रिम घासायचा कंटाळा असतो, दुसरं काही नाही. टायरमध्ये जेल भरून देणाऱ्यांचंही तेच. कडेच्या गळतीवर त्याचा भरवसा नाही, आणि नंतर साफसफाई करणाऱ्याचे हाल होतात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. गंजाने कडेला खोल खड्डे पडले असतील किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल, तर सीलर पुरत नाही, रिम बदला. फेस टायरच्या बाजूच्या भिंतीतून येत असेल तर स्ट्रिप लावू नका, टायरच बदला. हवा आठवड्याऐवजी तासाभरात जात असेल तर गाडी चालवत दुकानात नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. तारांच्या रिमचं गणित निराळं आहे, ते इथे धरू नका. साबण कडेत तसाच ठेवू नका, गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने कोरडं करा. आणि टायर एकदा सुटलाच आहे तर रबरी वॉल्व्ह त्याच वेळी नवा बसवून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा टायर सोडवायला लागू नये.