शेतीचे ३ लाख आणि नोकरीचा कर

प्रश्न: शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं ना? मग माझ्या पगारावरचा कर त्यामुळे का वाढला?

शेतीच्या पैशावर कर लागत नाही, पण तो पगाराला वरच्या टप्प्यात ढकलतो. खर्च वजा जाता शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, या दोन्ही गोष्टी असल्या तरच असं होतं. पगार मर्यादेच्या आत असेल तर शेतीचे ५० लाख आले तरी प्रश्न नाही.

समजा, २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत वजावटीनंतरचा पगार १४ लाख आणि शेतीचे ३ लाख आहेत. आधी दोन्ही मिळून १७ लाखांवर कर काढायचा: १,४०,०००. मग करमुक्त ४ लाखांत शेतीचे ३ लाख मिळवून ७ लाखांवरचा कर काढायचा: १५,०००. वजाबाकी १,२५,०००, हा तुमचा कर. वर ४ टक्के उपकर. शेती नसती तर ९०,००० आला असता.

बियाणं, खतं, मजुरी यांच्या पावत्या जपा, कारण हिशेबात निव्वळ उत्पन्नच धरतात. आणि शेतीचे ५,००० ओलांडले की ITR-1 चालत नाही. पगारदार बहुतेक इथेच चुकतात.