एकटीचा व्यवसाय आणि महिन्याची ११ तारीख

प्रश्न : माझी मुलगी २८ वर्षांची आहे. कळव्याला घरूनच जीएसटी रिटर्न आणि हिशोब लिहिण्याचं काम एकटी करते. २४ पार्ट्या होत्या. गेल्या महिन्यात ८ तारखेला डेंग्यूमुळे तिला ॲडमिट करावं लागलं. तिच्या फोनवर पार्ट्यांचे कॉल मी घेत होतो, पण फोनचं लॉक मला माहीत नाही आणि पासवर्ड सगळे तिच्या डोक्यात. दोन पार्ट्या सोडून गेल्या. मला वाटतं, तिने एखाद्या सीएच्या ऑफिसात नोकरी धरावी. काय सांगाल?
– एक वडील, ठाणे

उत्तर : नमस्कार. नोकरीचा निर्णय सध्या बाजूला ठेवा. २४ पैकी २२ पार्ट्या थांबल्या आहेत, म्हणजे तिचं काम लोकांना पटलेलं आहे. अडलं ते तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला काही उघडता न आल्यामुळे. ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी कोणती तारीख चुकली ते बघू. मासिक पार्ट्यांचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, ११ तारखेपर्यंत आणि थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, २० पर्यंत जातं. घरच्यांना २० तारखेचीच धास्ती असते, कारण उशिराचा दंड डोळ्यांना दिसतो. पण थ्री-बीला आठवडाभर उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, एवढ्यावर भागतं. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदाराचं आर-वन ११ ला गेलं नाही, तर त्याने ज्यांना माल विकला त्यांच्या १४ तारखेला बनणाऱ्या टू-बीमध्ये, म्हणजे खरेदीच्या बिलांच्या यादीत, ती बिलं येत नाहीत. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे त्यांचं क्रेडिट, महिनाभर लांबतं आणि ते पेमेंट अडवतात. ५० रुपये पार्टी विसरते, अडलेलं पेमेंट विसरत नाही. शिवाय आर-वन भरल्याशिवाय थ्री-बी भरताच येत नाही. म्हणून तुमची सगळी तयारी ‘मुलगी ८ तारखेला आजारी पडली तर ११ ला काय होईल’ या एकाच प्रश्नाभोवती करा.

पासवर्डपेक्षा मोठा अडसर ओटीपीचा असतो. तिला विचारा, किती पार्ट्यांच्या नोंदणीत तिचाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला आहे? आपल्याकडे ही सर्रास सवय आहे. नोंदणी करताना मालक म्हणतो, ‘तुमचाच नंबर टाका, मला कटकट नको.’ मग रिटर्न भरतानाचा ओटीपी तिच्या लॉक असलेल्या फोनवर येतो आणि मालक स्वतः पुढे आला तरी काही करू शकत नाही. ती बरी असताना पोर्टलवरून हा नंबर सहज बदलता येतो. ती आजारी असताना मात्र मालकाला कागदपत्रं घेऊन आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागतं. प्रत्येक पार्टीचा नंबर मालकाचा स्वतःचा करून घ्या. ओटीपी फोनवर विचारायला दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. कंपन्यांचे डिजिटल सहीचे टोकन तिच्या ड्रॉवरमध्ये पडून असतील तर तेही ज्याचे त्याला परत करा. दुसऱ्याची सही आपण सांभाळायची नसते.

आता पासवर्ड. एक्सेलची फाइल करून तुम्हाला पाठवणं हा उपाय नाही. पार्ट्यांची माहिती घरात फिरता कामा नये. पासवर्ड मॅनेजर घ्या आणि त्यातली आणीबाणीची सोय चालू करा. बिटवॉर्डनमध्ये ती पैसे भरून मिळते. तिने नेमलेल्या व्यक्तीने प्रवेश मागितला की तिला ईमेल जातो आणि ठरवलेल्या मुदतीत तिने नकार दिला नाही, तर पासवर्ड त्या व्यक्तीला दिसतात. मुदत दोन दिवसांची ठेवा. सात दिवसांची ठेवली तर ११ तारीख गेलीच म्हणून समजा. गूगल खात्यातही अशी सोय आहे, पण तिची किमान मुदत तीन महिन्यांची. ती आजारपणात कामाची नाही. तुमच्याकडे फक्त एक बंद पाकीट असावं : फोनचं लॉक, लॅपटॉपचा पासवर्ड, मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर आणि पहिला फोन कुणाला करायचा ते नाव. बँकेचा पिन किंवा यूपीआयचा पिन त्यात नको.

ते नाव तुमचं असून चालणार नाही. याच कामातली व्यक्ती हवी. इथे एक अडचण येते. १० आणि ११ तारखेला या धंद्यातल्या प्रत्येकाचे हात भरलेले असतात. म्हणून जिच्याकडे तिमाही रिटर्नवाल्या पार्ट्या जास्त आहेत अशी एखादी ओळखीची बघा, नौपाड्यात किंवा वाशीत, कुठेही. दोघींनी एकमेकींसाठी लिहून ठेवायचं : दर पार्टीमागे किती पैसे, मला कळवायचं कसं, आणि माझ्या पार्ट्या वर्षभर स्वतःकडे घ्यायच्या नाहीत. पार्ट्यांनाही आधी सांगा की आजारपणात ही व्यक्ती काम बघेल. अनोळखी नंबरवरून ओटीपी मागितला तर कुणीही देणार नाही, आणि देऊही नये.

मग एकदा तालीम करा. महिन्याच्या ९ तारखेला मुलीने फोन बंद करून बसायचं आणि तीन पार्ट्यांचं आर-वन मैत्रिणीने भरायचं. माझा अंदाज आहे, गाडी बिलांवर अडेल. बिलं फोटो काढून व्हॉट्सॲपवर येतात, तिच्या खासगी नंबरवर. लॅपटॉपला व्हॉट्सॲप जोडून ठेवलं असेल तर फोन बंद असूनही १४ दिवस ते चालतं. त्याहून बरं म्हणजे कामाचा वेगळा ईमेल आणि पार्टीगणिक एक फोल्डर.

राहिले पैसे. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो, बुडालेली कमाई देत नाही. आकडे तुमच्या घरचे घाला, मी अंदाजाने मांडते. घरखर्चात तिचा वाटा २५,०००, स्कूटरचा हप्ता ४,०००, इंटरनेट आणि सॉफ्टवेअर ३,५००. महिन्याला ३२,५०० झाले. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा आणि उशिरा येणारी फी धरून तीन महिन्यांचे ९७,५००. मैत्रिणीला २२ पार्ट्यांचे प्रत्येकी १,००० म्हणजे २२,०००. विम्यात न बसणाऱ्या खर्चाला ३०,०००. एकूण १,४९,५००. महिन्याला ८,००० बाजूला टाकले तर १९ महिने लागतील. पण पहिला टप्पा एका महिन्याचा खर्च आणि मैत्रिणीची फी, म्हणजे ५४,५००, आणि तो सात महिन्यांत होतो. तोवर नवा मोबाइल नको.

ही रक्कम तिच्या करंट खात्यात ठेवू नका, कारण ते तिच्या एकटीच्या सहीवर चालतं. नॉमिनीचा उपयोगही मृत्यूनंतर, आजारपणात नाही. आई आणि मुलगी यांचं ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचं बचत खातं उघडा आणि पैसे तिथे ठेवा. एफडी केली तर मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघींच्या सह्या मागतात. तसं असेल तर निम्मी रक्कम साध्या बचतीतच राहू द्या.

तालीम दोनदा करूनही मैत्रीण ११ तारखेपर्यंत पोचत नसेल, किंवा मुलीलाच पार्ट्यांचे नंबर सोडवत नसतील, तर नोकरीबद्दल तिच्याशी बोला. मात्र ती बोलणी तिने सुरू केलेली बरी.