सरोगसीत दोघींची पाळी जुळवावी लागते का?

प्रश्न: वहिनी आमच्यासाठी सरोगेट व्हायला तयार आहे. मुंबईतल्या क्लिनिकमध्ये आमचे गर्भ गोठवलेले आहेत. दोघींची पाळी जुळवावी लागेल का?

उत्तर: नाही. गर्भ गोठवलेले असल्याने फक्त वहिनींच्या गर्भाशयाचं अस्तर तयार करायचं. आधी रक्तदाब, साखर, एचआयव्ही-कावीळ तपासण्या आणि जुन्या सिझेरियनचा व्रण नीट पाहून घ्या.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, साधारण रोज 6 मिलिग्रॅम. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफीत अस्तर 7-8 मिलिमीटर, तीन पदरी दिसलं की प्रोजेस्टेरॉन. खरं घड्याळ इथून सुरू होतं. पाच दिवसांचा गर्भ प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात; सोमवारी सुरू केलं तर शनिवारी. त्याआधीच बीज फुटलं तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन वाढलेलं दिसतं. मग तो महिना सोडून देणंच योग्य.

या पद्धतीत अंडाशय स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, म्हणून दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत औषध चुकवायचं नाही.

एका वेळी एकच गर्भ सोडा. जुळ्यांचा धोका वहिनींच्या शरीराला असतो. 2021 च्या कायद्यानुसार गर्भ सोडण्याआधी त्या संमती मागे घेऊ शकतात. हे त्यांना घरच्यांविना, एकटीला बसवून डॉक्टरांनी सांगायलाच हवं, कारण नात्यात नकार तोंडावर येत नाही.