पॅक्ड बाइटांची बेरीज: हातचा जातो कुठे?

प्रश्न: इंटेल प्रोसेसरच्या `paddb` या सूचनेने १६ बाइट एकदम मिळवले, तर एका बाइटचा हातचा शेजारच्या बाइटमध्ये का जात नाही?

कारण या सूचनेसाठी बेरीज-मंडल दर ८ बिटांच्या सीमेवर हातच्याची साखळी तोडते. त्या सीमेवर आलेला हातचा कुठेही न साठवता टाकून दिला जातो. साध्या `add` ने 0x00FF मध्ये 0x0001 मिळवल्यास 0x0100 येते, तर `paddb` ने 0x0000. वरच्या बाइटला खाली काय घडले याचा पत्ताच नसतो. इंटेलच्या सूचना-संदर्भातही हेच वर्तन नोंदलेले आहे: आठच बिट ठेवले जातात आणि कोणताही फ्लॅग बदलत नाही.

मात्र हातचा शेजाऱ्याकडे गेला नाही म्हणजे उत्तर बरोबर आले असे नव्हे. चित्राचा २५० उजळपणाचा बिंदू १० ने वाढवला, तर `paddb` ४ देते आणि पांढऱ्या आकाशात काळे ठिपके उमटतात. तिथे २५५ वर थांबणारी `paddusb` वापरावी. बेरीज नेमकी कोणत्या बाइटमध्ये ओसंडली हे हवे असेल, तर दोन्ही सूचनांची उत्तरे `pcmpeqb` ने ताडून पाहावीत. जिथे ती जुळत नाहीत, तिथे हातचा सांडलेला असतो.