नखं चमच्यासारखी, तरी हिमोग्लोबिन ‘थोडंसंच’ कमी

प्रश्न: माझी नखं मऊ पडून चमच्यासारखी खोलगट झाली आहेत. रक्त कमी असेल का? कुठल्या तपासण्या करू, काय खाऊ?

नखावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. ओघळून न जाता खळग्यात बसून राहिला, तर लोह तपासायलाच हवं. मी पुण्यात लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते, तरी स्वतःच्या नखांसाठी मी वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. तुम्ही तसं करू नका.

सीबीसीसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, नक्की करा. हिमोग्लोबिन म्हणजे आज हातात असलेले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक आधी संपते. माझं हिमोग्लोबिन ११.२ होतं (बायकांमध्ये १२ च्या खाली कमी धरतात), म्हणजे ‘थोडंसंच’ कमी. फेरिटिन मात्र ६ निघालं आणि १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. सर्दी-तापात ही तपासणी करू नका, कारण तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. रक्तातल्या लाल पेशी लहान (एमसीव्ही कमी) पण फेरिटिन चांगलं असेल, तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषासाठी एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करतात. अशा वेळी लोहाच्या गोळ्या उगाच घ्यायच्या नसतात.

मग लोह जातंय कुठे, हे शोधावं लागतं. माझी पाळी सात-आठ दिवस चालायची, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. पुरुषांना किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी पडलं, तर पोटातून रक्त जातंय का हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. तिथे नुसत्या गोळ्यांवर थांबू नका.

खाण्याचं म्हणाल तर माझा खरा घोटाळा चहाचा होता. सकाळी पोह्यांबरोबर चहा, जेवण झालं की लगेच चहा. चहातलं टॅनिन भाजी-डाळीतलं लोह अडवून ठेवतं. आता जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. मोड आलेली मटकी, अळू, हाळीव, आणि प्रत्येक ताटात लिंबाची फोड. मांसाहार करत असाल तर मटण-कलेजीतलं लोह जास्त सहज अंगी लागतं. बीट आणि गुळावर फार भिस्त ठेवू नका, त्यात आपल्याला वाटतं तेवढं लोह नसतं.

पण रिकामा साठा नुसत्या खाण्याने भरत नाही. मला डॉक्टरांनी एक दिवसाआड एक गोळी दिली. ती मी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे, दूध आणि कॅल्शियम त्यापासून लांब. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल, तर लगेच दाखवा. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.६ झालं आणि मी गोळ्या बंद करणार होते. डॉक्टरांनी फेरिटिन पुन्हा करायला लावलं: १४. मग आणखी तीन महिने घेतल्या.

नखं मात्र सावकाश. महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे आधी मुळाशी सपाट पट्टी दिसली आणि खळगा कापून जायला जवळपास सहा महिने लागले.